आइसबर्ग, ट्रेलिंग स्टॉप आणि ब्रॅकेट: तुमची ऑर्डर या क्षणी नेमकी कुठे उभी आहे?

या तीन ऑर्डरींबद्दल मला येणारे प्रश्न जवळजवळ एकाच गैरसमजातून येतात. माणूस स्क्रीनवर आकडे भरतो, बटण दाबतो आणि समजतो की आपण सांगितलेलं सगळं आता एक्स्चेंजच्या यंत्रणेत नोंदलं गेलं. साध्या लिमिट ऑर्डरबाबत ते खरं असतं. या तिन्हींबाबत ते बहुधा अर्धंच खरं असतं, कारण सांगितलेल्यातला काही भाग एक्स्चेंजकडे जातो आणि उरलेला ब्रोकरच्या सर्व्हरवर थांबतो. कोणता भाग कुठे आहे हे माहीत नसलं की मग "भाव तिथे जाऊन आला, तरी माझा माल कसा निघाला नाही?" असा फोन येतो.

खालचे टप्पे याच क्रमाने वाचा. उदाहरणं राष्ट्रीय शेअर बाजाराच्या रोखीच्या व्यवहारांची आहेत आणि सगळीकडे एकच काल्पनिक शेअर धरला आहे, ज्याचा भाव ६४० रुपयांच्या आसपास आहे.

## १. आधी लिमिट ऑर्डर पक्की करा

६४० रुपयांना २,००० शेअर घेण्याची लिमिट ऑर्डर टाकली की ती एक्स्चेंजच्या ऑर्डर बुकमध्ये ६४० च्या रांगेत उभी राहते. रांगेचा नियम साधा आहे: ज्याचा भाव चांगला त्याचा नंबर आधी, आणि भाव सारखाच असेल तर जो आधी आला तो आधी. तुमच्यापुढे १,५०० शेअरची मागणी असेल, तर तेवढे सौदे झाल्यावर पुढचे २,००० तुमचे.

यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. ऑर्डरची संपूर्ण संख्या बाजाराला दिसते. रांगेतली तुमची जागा तुम्ही संख्या वाढवेपर्यंत किंवा भाव बदलेपर्यंत कायम राहते. आणि तुमचं इंटरनेट गेलं, अगदी ब्रोकरचं ॲप बंद पडलं, तरी ती ऑर्डर एक्स्चेंजवर जिवंत असते. पुढच्या तिन्ही ऑर्डरी या तीनपैकी काही ना काही काढून घेतात. काय मिळतं ते जाहिरातीत लिहिलेलं असतं. काय जातं ते बघणं हे या लेखाचं काम.

स्टॉपलॉस ऑर्डर यांच्या मधली आहे. `SL` ऑर्डरमध्ये दोन भाव असतात, ट्रिगर आणि लिमिट. ती एक्स्चेंजकडेच जाते, पण वेगळ्या स्टॉपलॉस बुकमध्ये थांबते आणि डेप्थमध्ये, म्हणजे स्क्रीनवर सगळ्यांना दिसणाऱ्या खरेदी-विक्रीच्या यादीत, कोणाला दिसत नाही. शेवटच्या सौद्याचा भाव ट्रिगरला पोहोचला की तिची लिमिट ऑर्डर होते आणि ती मुख्य बुकमध्ये येते. `SL-M` मध्ये त्या जागी मार्केट ऑर्डर जाते. ट्रेलिंग आणि ब्रॅकेट या दोन्हींच्या पोटात हीच स्टॉपलॉस ऑर्डर असते, म्हणून ही नीट समजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## २. तयारी: ब्रोकरकडून लेखी उत्तरं घ्या

सगळ्या ब्रोकरांकडे या ऑर्डरी सारख्या वागत नाहीत. २०२० मधल्या प्रचंड अस्थिरतेनंतर काही ब्रोकरांनी ब्रॅकेट बंदच केली. म्हणून मदत कक्षाला ईमेल पाठवून पुढचे प्रश्न विचारा. फोनवरचं उत्तर पुढे कामाला येत नाही.

- तुमची आइसबर्ग म्हणजे एक्स्चेंजची डिस्क्लोज्ड क्वांटिटी, म्हणजे एकूणपैकी बाजाराला दाखवायची संख्या, आहे की तुमच्या सर्व्हरवर केलेले तुकडे?
- ट्रेलिंगमधला स्टॉप एक्स्चेंजवर नोंदलेला असतो, की भाव आल्यावर तुम्ही ऑर्डर पाठवता?
- ब्रॅकेटमधली, म्हणजे टार्गेट आणि स्टॉप सोबत जोडलेली, खरेदी अर्धवट झाली तर टार्गेट आणि स्टॉप लगेच लागतात की पूर्ण खरेदीनंतर?
- ब्रॅकेटचं टार्गेट प्रत्यक्ष भावात लिहायचं की खरेदीपासूनच्या फरकात?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण ६४० ला घेऊन ६६० ला विकायचं असताना फरक मागणाऱ्या रकान्यात २० ऐवजी ६६० लिहिणारे लोक मी अनेकदा पाहिले आहेत. ऑर्डर नाकारली गेली तर नशीब. स्टॉपच्या रकान्यात १० ऐवजी १०० पडलं तर ती स्वीकारलीही जाऊ शकते.

तपासणी: चारही उत्तरं हातात नसतील तर पुढचे टप्पे फक्त वाचा. ऑर्डर अजून टाकू नका.

## ३. आइसबर्ग: लपवण्याची किंमत रांगेत मोजावी लागते

आइसबर्गचा हेतू एकच: मोठी मागणी एकदम दिसू नये. दिसली की समोरचे विक्रेते भाव वर सरकवतात.

एक्स्चेंजच्या पद्धतीत तुम्ही पूर्ण संख्या देता आणि त्यातली किती दाखवायची ते सांगता. दाखवायची संख्या एकूण संख्येच्या किमान १० टक्के लागते. म्हणजे २,००० च्या ऑर्डरमध्ये निदान २०० दाखवावेच लागतात. ते २०० भरले की पुढचे २०० आपोआप बाहेर येतात. उरलेला माल दिसत नसला तरी एक्स्चेंजच्या बुकमध्येच असतो.

ब्रोकरच्या पद्धतीत तसं नसतं. तिथे २,००० चे समजा दहा तुकडे होतात, पहिला एक्स्चेंजकडे जातो आणि तो पूर्ण भरल्यावर सर्व्हर दुसरा पाठवतो. उरलेले १,८०० एक्स्चेंजला ठाऊकच नसतात. समोरून कोणी ३,००० शेअर एका फटक्यात विकले, तर पहिल्या पद्धतीत त्या विक्रीतून तुमचे लपलेले शेअरही भरू शकतात. दुसऱ्या पद्धतीत पुढचा तुकडा पोहोचेपर्यंत ती विक्री दुसऱ्यांकडे गेलेली असते.

आता रांगेचं बघू. दोन्ही पद्धतींत नवा हप्ता रांगेच्या शेवटी उभा राहतो. हेच लोक विसरतात, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो.

तुम्ही ६४० ला २,००० ची ऑर्डर २०० दाखवून टाकली. पुढे १,५०० आहेत. तुम्ही थांबलेले असताना मागे आणखी ९०० येऊन उभे राहिले. भाव ६४० वर आला, तिथे एकूण ४,००० शेअरचे सौदे झाले आणि भाव परत ६४८ वर गेला.

साधी लिमिट असती तर पहिले १,५०० पुढच्यांचे आणि नंतरचे २,००० तुमचे, म्हणजे ३,५०० व्या शेअरला काम संपलं असतं. आइसबर्गमध्ये १,५०० नंतर तुमचे २०० भरतात, एकूण १,७०० झाले. तुमचा दुसरा हप्ता त्या ९०० च्या मागे गेला, ते भरेपर्यंत २,६००. मग तुमचे २००, म्हणजे २,८००. दरम्यान आणखी ७०० शेअरचे खरेदीदार येऊन उभे होते, ते झाल्यावर ३,५००. मग तुमचे तिसरे २००, झाले ३,७००. उरलेले ३०० दुसऱ्यांचे. तुमच्या हातात ६०० शेअर आले आणि १,४०० राहिले, तेही भाव तुमच्या लिमिटवर रेंगाळून गेला असताना.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. डेप्थमध्ये तुमच्या भावाला आधीच तुमच्याएवढी किंवा त्याहून जास्त मागणी दिसत असेल, तर आइसबर्गची गरज नाही. तुम्ही गर्दीत तसेही दिसणार नाही. तुमची एकटी ऑर्डर तिथली सगळी मागणी झाकून टाकत असेल, तरच ती वापरा.

इशारा: ब्रोकरच्या पद्धतीत प्रत्येक तुकडा स्वतंत्र ऑर्डर असतो आणि त्याला वेगळा क्रमांक मिळतो. ब्रोकरेज प्रति ऑर्डर ठरलेलं असेल तर दहा तुकड्यांना ते दहा वेळा लागू शकतं. शिवाय मधल्या एखाद्या तुकड्याला मार्जिन कमी पडलं, तर तिथून पुढचं सगळं थांबतं.

तपासणी: टाकल्यावर लगेच ऑर्डर बुक उघडा. २,००० ची एकच ऑर्डर `OPEN` दिसत असेल तर पद्धत एक्स्चेंजची. २०० ची दिसत असेल आणि बाकीचे तुकडे वेगळ्या ठिकाणी थांबलेले दिसत असतील तर ब्रोकरची.

## ४. ट्रेलिंग स्टॉप: पायऱ्या आधी कागदावर मोजा

ट्रेलिंग स्टॉप म्हणजे भाव वर गेला की वर सरकणारा आणि खाली आला की जागेवर थांबणारा स्टॉप. लिमिट ऑर्डरशी त्याचा मूळ फरक दिशेचा आहे. विक्रीची लिमिट ऑर्डर बाजारभावाच्या वर उभी असते आणि "याहून कमी घेणार नाही" असं सांगते. विक्रीचा स्टॉप बाजारभावाच्या खाली असतो आणि भाव पडला की जागा होतो. त्यात कोणता भाव मिळेल याची हमी नसते.

समजा ६४० ला खरेदी झाली, स्टॉपचा ट्रिगर ६३० आणि पायरी २ रुपयांची. हिशेब असा चालतो:

```
नवा ट्रिगर = पहिला ट्रिगर + (पूर्ण झालेल्या पायऱ्या × पायरीची रक्कम)
```

भाव ६४३ झाला. ६४२ ला एक पायरी पूर्ण झाली, दुसरी अर्धवट आहे, म्हणून ट्रिगर ६३२. भाव ६४६ ला गेला, तीन पायऱ्या झाल्या, ट्रिगर ६३६. भाव ६४५ ला उतरला. ट्रिगर ६३६ लाच. मग भाव ६५१.५० पर्यंत चढला. ६५० पर्यंत पाच पायऱ्या पूर्ण, ट्रिगर ६४०. तिथून भाव घसरून ६४० ला आला की विक्रीची ऑर्डर जागी होते. एवढ्या चढ-उतारानंतर तुम्ही जवळपास जिथून निघालात तिथेच बाहेर पडता.

हे पाहून बरेच जण अंतर कमी करतात, दहाऐवजी तीन रुपयांचा स्टॉप ठेवतात. मग दिवसाच्या नेहमीच्या हेलकाव्यातच माल निघून जातो. अंतर ठरवण्याआधी त्या शेअरचा पाच मिनिटांचा तक्ता उघडा आणि चढत्या दिवशी तो मधेमधे किती खाली येऊन परत वर गेला ते तीन-चार दिवसांचं बघा. अंतर त्या नेहमीच्या घसरणीपेक्षा जास्त हवं. तेवढा तोटा परवडत नसेल तर संख्या कमी करा, अंतर नाही.

आता ही ऑर्डर उभी कुठे आहे ते पाहू. दोन रचना आढळतात. एकीत स्टॉप एक्स्चेंजवर असतो आणि ब्रोकरचा सर्व्हर प्रत्येक पायरीला त्यात बदल करून पाठवतो. सर्व्हर बंद पडला तर सरकणं थांबतं, पण शेवटचा स्टॉप टिकतो. दुसरीत सगळंच ब्रोकरकडे असतं, आणि सर्व्हर बंद पडला तर तुम्हाला स्टॉपच उरत नाही. पहिली रचना अर्थातच बरी.

तपासणी: ऑर्डर बुकमध्ये `TRIGGER PENDING` अशी नोंद आणि तिच्या तपशिलात एक्स्चेंजचा ऑर्डर क्रमांक दिसला, तर स्टॉप एक्स्चेंजवर आहे. फक्त ब्रोकरचा क्रमांक दिसला तर विचारून घ्या.

इशारा: ट्रिगर सरकताना त्याच्याबरोबरचा लिमिट भावही सरकतो का, हे पहिल्या दोन पायऱ्यांना डोळ्यांनी बघा. ट्रिगर ६४० ला आणि लिमिट मागे ६२९ ला राहिलं, तर पातळ बाजारात ६२९ पर्यंतचा कोणताही भाव तुमच्या ऑर्डरला मान्य असतो.

दिवसाची वैधता असलेला ट्रेलिंग स्टॉप साडेतीनला संपतो. डिलिव्हरीचा माल रात्रभर ठेवला तर सकाळी तो नव्याने लावावा लागतो. सकाळच्या प्री-ओपन सत्रात स्टॉपलॉस ऑर्डर घेतल्या जात नाहीत, त्यामुळे रात्रीच्या बातमीने भाव ६१५ ला उघडला तर ६४० चा कालचा स्टॉप तुमच्या मदतीला येत नाही.

## ५. ब्रॅकेट: तीन ऑर्डरी आणि त्यांच्यामधली फट

ब्रॅकेटमध्ये आधी प्रवेशाची ऑर्डर जाते, बहुधा लिमिट. ती भरली की दोन ऑर्डरी लागतात: वर टार्गेटची लिमिट आणि खाली स्टॉप. एक भरली की दुसरी रद्द व्हायला हवी. ही सांगड एक्स्चेंज सांभाळत नाही. एक्स्चेंजच्या दृष्टीने त्या एकमेकींशी नातं नसलेल्या ऑर्डरी आहेत आणि रद्द करण्याचा निरोप ब्रोकरचा सर्व्हर पाठवतो. ब्रॅकेटमधले काही अपघात या निरोपाला लागणाऱ्या वेळात होतात, पण अपघाताच्या जागा एकूण तीन आहेत.

५०० शेअर, प्रवेश ६४०, टार्गेट २० रुपये वर, स्टॉप १० रुपये खाली असं उदाहरण घेऊ. म्हणजे टार्गेट ६६०, स्टॉपचा ट्रिगर ६३०, आणि लिमिट समजा ६२९.

पहिली जागा, अर्धवट प्रवेश. ५०० पैकी १८० भरले आणि भाव ६३४ कडे निघाला. तुमच्या ब्रोकरकडे टार्गेट-स्टॉप भरलेल्या संख्येपुरते लगेच लागत असतील तर १८० चा स्टॉप उभा आहे. पूर्ण खरेदीची वाट पाहणारी पद्धत असेल, तर हे १८० शेअर उघडे आहेत. अशा वेळी उरलेली प्रवेशाची ऑर्डर रद्द करा आणि १८० चा स्टॉप लागला की नाही ते ऑर्डर बुकमध्ये बघा.

दुसरी जागा, अर्धवट टार्गेट. भाव ६६० ला पोहोचला, ३०० विकले गेले आणि भाव झपाट्याने उलटला. आता स्टॉपची संख्या ५०० वरून २०० व्हायला हवी. तो बदल पोहोचण्याआधी ६३० चा ट्रिगर लागला, तर ५०० विकले जातील. एकूण विक्री ८०० झाली, खरेदी ५०० ची होती, म्हणजे तुम्ही ३०० शेअर न घेताच विकले. संथ दिवशी असं घडणं दुर्मीळ. बातमीच्या मिनिटात ते घडू शकतं. ते ३०० शेअर त्याच दिवशी परत घ्यावे लागतात. राहिले तर शेअर देता न आल्यामुळे मामला लिलावात जातो आणि तिथला भाव तुमच्या हातात नसतो.

तिसरी जागा, स्टॉप ओलांडून उडी. सर्वाधिक पैसे इथे जातात. ६३० वर सौदा झाला, ट्रिगर लागला, ६२९ ची विक्रीची लिमिट बाहेर आली. तोवर खरेदीदार ६२६ ला आले होते. तुमची विक्री आता ६२९ ला बाजाराच्या वर लटकलेली आहे, ऑर्डर बुकमध्ये `OPEN` दिसते आणि तोटा वाढतो आहे. "स्टॉपलॉस लागला" असा मेसेज वाचून चहाला जाणाऱ्याला वाटतं की आपण बाहेर पडलो.

उपाय ट्रिगर आणि लिमिट यांच्यातल्या अंतरात आहे. रोजच्या मोठ्या उलाढालीच्या शेअरला थोडं अंतर पुरतं. पातळ शेअरला जास्त ठेवा. `SL-M` मिळत असेल तर बाहेर पडण्याची शक्यता वाढते, पण भाव कोणता मिळेल ते सांगता येत नाही. ऑप्शन्समध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने `SL-M` सप्टेंबर २०२१ मध्ये बंद केली, तिथे लिमिट असलेला स्टॉपच वापरावा लागतो. आणि शेअर लोअर सर्किटला, म्हणजे दिवसभरातल्या घसरणीच्या ठरलेल्या मर्यादेला, अडकला तर दोन्हींचा उपयोग नाही, कारण समोर घेणाराच नसतो.

इशारा: टार्गेट काढून नफा वाढू द्यावा म्हणून टार्गेटची ऑर्डर रद्द करू नका. अनेक टर्मिनलवर ब्रॅकेटमधली एक बाजू रद्द केली की संपूर्ण पोझिशन बाजारभावाने बंद होते. टार्गेट वर न्यायचं असेल तर त्या ऑर्डरमधला भाव बदला.

दुसरा इशारा: ब्रॅकेट चालू असताना पोझिशनच्या पानावरून वेगळी विक्री टाकून बाहेर पडू नका. तुमचे ५०० विकले जातील, पण ब्रॅकेटच्या दोन्ही ऑर्डरी जिवंत राहू शकतात. त्यातली एक भरली की तुम्ही ५०० शेअर उलट विकून बसता. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं नेमकं हेच झालं. दुपारी नफा घेऊन ते उठले आणि साडेतीननंतर हिशेब बघितला, तेव्हा दिवसभराचा नफा त्या दुसऱ्या विक्रीत गेला होता. बाहेर पडायचं तर ब्रॅकेटमधल्याच `Exit` ने पडा.

ज्यांच्या ब्रोकरकडे ब्रॅकेट नाही, ते डिलिव्हरीसाठी दोन ट्रिगर असलेली `GTT`, म्हणजे ट्रिगर लागेपर्यंत बरेच दिवस थांबणारी ऑर्डर, वापरतात. तीही ब्रोकरच्या सर्व्हरवरच असते आणि ट्रिगरनंतर लिमिट ऑर्डर पाठवते, त्यामुळे तिसऱ्या जागेचा धोका तिलाही लागू आहे.

## ६. पहिल्यांदा एका शेअरवर करून बघा

हा टप्पा गाळू नका. सकाळी सव्वानऊच्या गडबडीत नाही, साडेअकरानंतर, भरपूर उलाढालीच्या शेअरवर एका शेअरची ब्रॅकेट टाका. प्रवेश भरल्यावर दोन्ही ऑर्डरींचे क्रमांक, स्थिती आणि भाव लिहून घ्या. स्टॉपमध्ये बदल करून ट्रिगर आणि लिमिट दोन्ही बदलले का ते बघा. मग `Exit` करा आणि दोन्हींपैकी एकही ऑर्डर `OPEN` किंवा `TRIGGER PENDING` राहिली नाही ना ते तपासा. ट्रेलिंगसाठी शक्य तेवढी लहान पायरी देऊन दोन पायऱ्या सरकेपर्यंत थांबा. आइसबर्गची चाचणी एका शेअरवर होत नाही आणि अनेक ब्रोकर तिला किमान रक्कमही लावतात, म्हणून तिची पहिली वेळ तुम्हाला खरंच घ्यायच्या असलेल्या मालावर, दोनच तुकड्यांत करा.

खऱ्या व्यवहाराच्या दिवशी तीन वाजता, म्हणजे ब्रोकर इंट्राडे पोझिशन आपणहून बंद करायला लागण्याआधी, ऑर्डर बुक आणि पोझिशनचं पान शेजारी उघडा. जिथे पोझिशनची संख्या शून्य आहे, त्या शेअरची एकही ऑर्डर `OPEN` किंवा `TRIGGER PENDING` दिसता कामा नये. दिसली तर आधी ती रद्द करा, ती तिथे कशी राहिली याचा शोध साडेतीननंतर घ्या.